भाषांतराआधी मजकुरातली चुकीची अक्षरे कशी हेरावीत

प्रश्न: जुन्या मराठी पुस्तकाची पाने स्कॅन करून ओसीआरने मजकूर काढला आणि तो इंग्रजी भाषांतराला दिला. इंग्रजी अगदी सुरळीत वाचता येते, पण एक-दोन ठिकाणी अर्थ खटकतो. सगळे पुस्तक अक्षर अन् अक्षर ताडून बघणे मला शक्य नाही. कुठे थांबून मूळ पान बघायचे, हे कसे ठरवू?

उत्तर:

जे तुम्हाला खटकले त्याची काळजी कमी करा. खटकले म्हणजे ते सापडलेच. खरी भीती आहे ती न खटकणाऱ्या वाक्यांची. ओसीआरने एक अक्षर चुकवले आणि त्यातून निरर्थक शब्द तयार झाला, तर तो डोळ्याला बोचतो. पण त्याच चुकीतून दुसरा खरा शब्द तयार झाला, तर शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो आणि भाषांतर करणारा त्या शब्दाभोवती एक सरळ, पटेलसे वाक्य रचून देतो. म्हणून शोध इंग्रजीत न घेता मराठी मजकुरात घ्यायचा, आणि तोही भाषांतराच्या आधी. इंग्रजी एकदा वाचले की मन त्या अर्थाला धरून बसते आणि मग मूळ पानावरसुद्धा तोच अर्थ दिसू लागतो.

किती तपासायचे हे तीन गोष्टींवर ठरते: छपाई कशी आहे, स्कॅन कसा आहे आणि भाषांतराचा उपयोग कशासाठी आहे. संगणकावर जुळवलेले अलीकडचे पुस्तक ३०० डीपीआयला नीट स्कॅन केले असेल, तर खाली सांगितलेल्यातले थोडेच लागेल. खिळ्यांवर छापलेले, पिवळ्या पानांचे पुस्तक असेल, तर सगळे लागेल. मजकुरात औषधाची मात्रा, पैसे किंवा हक्कांची भाषा असेल, तर तेवढी पाने अक्षर अन् अक्षर ताडायलाच हवीत. त्याला जवळची वाट नाही.

आता मुख्य मुद्दा. देवनागरीतल्या चुका वाटेल तशा होत नाहीत, त्यांना दिशा असते. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या तीन जोड्या शेजारी लिहून बघा. तिन्हींत फरक एकाच जागी आहे. भ, ध, थ यांच्या डाव्या बाजूला डोक्यावरची रेघ तुटलेली असते आणि तिथे लहानशी घुंडी वळते. म, घ, य यांच्यावर रेघ सलग जाते. म्हणजे अक्षराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातली केसभर मोकळी जागा राहिली की बुजली, यावर सगळे ठरते. शाई जास्त लागली, कागदाने ती शोषून पसरवली किंवा स्कॅन गडद केला, की ती जागा भरून जाते. मग भ चा म होतो, ध चा घ, थ चा य. उलट छपाई पुसट असेल किंवा स्कॅन फार उजळ केला असेल, तर सलग रेघेला खिंड पडते आणि म चा भ, घ चा ध होऊ लागतो.

व-ब आणि प-ष यांचेही तसेच. ब आणि ष यांच्या पोटात एक तिरपी रेघ असते. शाईने पोट भरले की व चा ब दिसतो आणि प चा ष. पान पुसट असेल तर ती तिरपी रेघ नाहीशी होते, मग ब चा व आणि ष चा प.

त्यामुळे पहिले काम हे ओळखायचे की आपले पान जाड बाजूला झुकले आहे की बारीक. यासाठी निरर्थक शब्द फार कामाचे असतात. बहुतेक लोक ते पटापट दुरुस्त करून पुढे जातात. मी आधी एका कागदावर उतरवून घेतो. ‘आभार’चे ‘आमार’ झालेले दिसले, सुटा ‘व’ जागोजाग ‘ब’ म्हणून आला, ‘तुमची’ मात्र कुठेही बिघडलेली नाही, म्हणजे पान जाड आहे. ‘म्हणून’चे ‘भ्हणून’ आणि ‘बाजू’चे ‘वाजू’ मिळाले, तर पान पुसट आहे. निरर्थक चूक स्वतः निरुपद्रवी असते, पण तिच्यावरून कळते की त्याच पानावर अर्थपूर्ण दिसणारी चूक कोणत्या दिशेची असणार. एकाच पुस्तकात दिशा बदलू शकते. सोळा-सोळा पानांचा एक फर्मा एका दमात छापला जायचा, आणि एका फर्म्याला शाई जास्त तर पुढच्याला कमी, असे सर्रास दिसते. म्हणून हा अंदाज पुस्तकाचा एकदाच न घेता दर पंधरा-वीस पानांनी नव्याने घ्यावा.

दिशा कळली की त्या दिशेच्या खऱ्या शब्दांचा शोध घ्यायचा. पान जाड असेल तर मी मार, माग, मरण, मात हे शब्द शोधतो, कारण ते मुळात भार, भाग, भरण, भात असू शकतात. घन, घार, घडा शोधतो, कारण मागे धन, धार, धडा असू शकतात. बार, बाद, बेल, बास शोधतो, मागे वार, वाद, वेल, वास असतील म्हणून. ‘कोष’ सापडला तर तो ‘कोप’ नव्हता ना, हे बघतो. पान पुसट असेल तर हीच यादी उलटी वाचायची. ही यादी विषयाप्रमाणे बदलते. पुस्तकात जे शब्द वारंवार येतात, त्यांची जुळी भावंडे आधी लिहून काढायची आणि मग शोधाच्या चौकटीत एकेक घालून बघायची. एका प्रकरणाला साधारण अर्धा तास लागतो.

एक खरे उदाहरण घेतो. भाजीपाला लागवडीवरच्या एका जुन्या पुस्तकाचे काम माझ्याकडे होते. ओसीआरने दिलेला मजकूर असा होता:

‘रोपे लावताना दोन ओळींत १। हात अंतर ठेवावे. रोपांना मातीची मर द्यावी ब वाफ्यात पाणी साचू देऊ नये. खत घातल्यावर वेळीच पाणी त दिल्यास पाने करपतात.’

याचे भाषांतर इतके नीट आले होते की कोणीही पुढे गेले असते. त्यात म्हटले होते की ओळींत एक हात अंतर ठेवा, रोपांना मातीतून होणाऱ्या मर रोगासाठी उपचार द्या आणि पाणी साचू देऊ नका, आणि खत घातल्यावर लगेच पाणी दिले तर पाने करपतात. तिन्ही वाक्ये शेतीच्या पुस्तकात शोभणारी आहेत, आणि तिन्हींत चूक आहे.

मी सुरुवात केली ती ‘ब’पासून. मराठीत सुटा ‘ब’ हा शब्द नाही, तो ‘व’च असणार. म्हणजे या पानावर व चे पोट शाईने भरले आहे, पान जाड आहे. मग भ चा म झाला असण्याची शक्यता लगेच वाढते आणि नजर ‘मर’वर जाते. ‘मर’ हा खरा शब्द आहे, रोपे वाळून जाण्याच्या रोगाला तेच म्हणतात, आणि या पुस्तकात तो इतरत्र आलाही होता. ‘मातीची मर’ यात लिंगसुद्धा जुळते, त्यामुळे व्याकरणाच्या तपासणीतही काही सापडले नसते. पण शेजारचे क्रियापद बघा. मर लागते, मर होते, मर पडते. मर कोणी देत नाही. ‘भर’ मात्र देतात, घालतात. पुस्तकभर ‘मर’ शोधून प्रत्येक ठिकाणचे पुढचे क्रियापद वाचले. जिथे ‘लागते’ होते तिथे मर खरी होती, आणि जिथे ‘द्यावी’, ‘घालावी’, ‘लावावी’ होते त्या प्रत्येक जागी मूळ पानावर ‘भर’ निघाली. म्हणूनच सरसकट बदल कधी करू नये. ‘मर’ जाऊन सगळीकडे ‘भर’ आली असती, तर रोगाचे प्रकरण बिघडले असते.

‘पाणी त दिल्यास’ ही तिन्हींतली सर्वांत घातक चूक. मुळात ‘न दिल्यास’ होते. न चा त झाला, सुट्या ‘त’ला काही अर्थ नाही म्हणून भाषांतरात तो गळून गेला आणि वाक्याचा अर्थ बरोबर उलटा झाला. ही चूक शाईच्या दिशेत बसत नाही, तिचे कारण वेगळे आहे. आताची बरीच ओसीआर साधने अक्षरे सुटी न वाचता सबंध ओळ एका ओघात वाचतात आणि आजूबाजूच्या अक्षरांवरून अंदाज बांधतात. लांब शब्दात एखादे अक्षर पुसट असले तरी बाकीची अक्षरे त्याला सावरतात. एका अक्षराच्या शब्दाला सावरणारे कोणी नसते. आणि मराठीत काना-मात्रा नसलेले एका अक्षराचे शब्द म्हणजे नेमके ‘न’ आणि ‘व’. एक नकार देणारा, दुसरा वाक्ये जोडणारा.

सुटी व्यंजने शोधणे यंत्राला सोपे आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर हे चालते:

```
grep -nP '(^|\s)[क-ह](\s|$)' pustak.txt
```

यात न आणि व सोडून जे काही निघेल, ते बहुतेक चुकीचे वाचलेले असते किंवा ‘च’सारखा मागच्या शब्दाचा तुटलेला तुकडा असतो. टर्मिनल वापरत नसाल तर साध्या संपादकात आधी-नंतर जागा सोडून ‘ त ’, ‘ ब ’, ‘ म ’ असे शोधले तरी काम होते. याच्याच जोडीला ‘नाही’, ‘नये’, ‘नको’, ‘खेरीज’, ‘शिवाय’ असलेली वाक्ये एकदा पानाशी ताडून घ्या. पुस्तक मोठे असले तरी ही वाक्ये आवाक्यातली असतात, आणि अर्थ उलटा होण्याचा धोका बहुतेक तिथेच असतो.

राहिले ‘१। हात’. पानावर ‘१॥ हात’ होते, म्हणजे दीड हात. जुन्या मराठी छपाईत अपूर्णांक दंडांनी दाखवत: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. दोन दंड जवळ छापले असले की शाईने ते चिकटतात आणि एकच दिसतो. म्हणजे दीडाचा सव्वा ओसीआरनेच केला होता. पुढे भाषांतरात तो दंड पूर्णविराम समजून टाकून दिला गेला आणि सव्वाचाही एक झाला. कधी उलटेही होते, ‘१॥’ चे ‘१११’ होऊन बसते. आकड्यांना वाक्याचा आधार नसतो. दीडही चालतो, सव्वाही चालतो. त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत मी कुठलाही अंदाज बांधत नाही. पुस्तकातला प्रत्येक आकडा पानावर जाऊन बघतो, विशेषतः १ आणि ९. तुम्हीही एवढे तरी कराच. आकडे बघायला वाटते तेवढा वेळ लागत नाही, कारण पानावर ते डोळ्याला चटकन सापडतात.

संशयित जागा शोधण्याचा आणखी एक मार्ग मला फार उपयोगी पडला आहे. एकाच पानाच्या दोन प्रती करा, एक मुद्दाम बारीक केलेली आणि एक मुद्दाम जाड केलेली, दोन्ही ओसीआरला द्या आणि निकाल ताडून बघा. खाली प्रती करायला इमेजमॅजिक आणि ओसीआरसाठी टेसरॅक्ट ही साधने वापरली आहेत:

```
magick pan.png -colorspace Gray -threshold 45% barik.png
magick pan.png -colorspace Gray -threshold 65% jad.png
tesseract barik.png barik -l mar --psm 6
tesseract jad.png jad -l mar --psm 6
diff <(tr -s ' ' '\n' <barik.txt) <(tr -s ' ' '\n' <jad.txt)
```

४५ टक्क्यांच्या प्रतीत फक्त गडद ठिपके काळे राहतात, म्हणून रेघा बारीक होतात. ६५ च्या प्रतीत फिकट ठिपकेही काळे होतात आणि रेघा फुगतात. हे आकडे ठरीव नाहीत. प्रत पांढरी पडली किंवा काळवंडली तर पाच-पाचने सरकवून बघा. दोन्ही प्रतींत जो शब्द सारखा आला, तो बहुधा स्थिर आहे. एकीत ‘मर’ आणि दुसरीत ‘भर’ आला, तर ती जागा पानावर बघायचीच. बहुमत काढून शब्द ठरवू नका. यातून फक्त कुठे बघायचे ते कळते, काय लिहायचे ते पानच सांगते. याची मर्यादाही लक्षात ठेवा. खिळ्याचा कोपराच तुटलेला असेल तर दोन्ही प्रती एकमताने चूक वाचतील.

साधन प्रत्येक शब्दामागे किती खात्री वाटली याचा आकडाही देते. टेसरॅक्टमध्ये आदेशाच्या शेवटी `tsv` लिहिले की `conf` या रकान्यात तो मिळतो. मी तो बघतो, पण त्याच्यावर विसंबत नाही. ‘मर’सारखा पूर्ण ओळखीचा शब्द चुकीचा असला तरी चांगल्या आकड्यासह येऊ शकतो. कमी आकडा म्हणजे बघा. जास्त आकडा म्हणजे बघू नका, असे मात्र नाही.

अनुस्वाराकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. शिरोरेघेवर धुळीचा एक कण पडला की ‘झाडाची’चे ‘झाडांची’ होते, एकाची अनेक झाडे होतात. पुसट पानावर टिंब उडाले की उलटे. इंग्रजीत हा फरक वाचून कोणालाही शंका येणार नाही. तुमचे पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे असेल तर गुंता वाढतो, कारण तेव्हा उच्चारात नसलेले अनुस्वारही लिहीत: नांव, कांहीं, घरें, करूं. अशा पुस्तकात टिंबांची सवय नसलेले ओसीआर ती कधी ठेवते, कधी गाळते. मी इथे क्रियापदाकडे बघतो. ‘मुलाने’ की ‘मुलांनी’, ‘होते’ की ‘होती’ यांचा मेळ बसत नसेल तर थांबतो. पण ‘झाडाची पाने’ आणि ‘झाडांची पाने’ दोन्ही व्याकरणात बसतात, तिथे मेळ कामाला येत नाही. ज्या वाक्यात एक की अनेक याने खरोखर फरक पडतो, तेवढीच वाक्ये मी पानावर बघतो.

हिंदी भाषेचे मॉडेल लावून मराठी पान वाचले असेल, तर आधी ते बदला. ळ च्या जागी ल येतो आणि ‘वेळ’ची ‘वेल’ होते, ‘काळ’चा ‘काल’ होतो. लागवडीच्या पुस्तकात ‘वेळीच’चे ‘वेलीच’ झाले तर वेलींबद्दलच बोलणे चालू आहे असे वाटून ते सहज पचते. ऱ्य मधला आडवा, पापणीसारखा र ही दुसरी खूण. तो रफारात बदलला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’. डोंगरातल्या दऱ्या समुद्र झाल्या आणि स्वयंपाकी विद्वान झाले, तरी वाक्य तेवढेच सुबक राहते. तुमच्या मजकुरात ‘ऱ्य’ शोधून बघा. प्रकरणभर एकदाही सापडला नाही, तर तो सगळीकडे मोडला आहे असे धरून चाला. मराठीत इतकी पाने त्याच्याविना जात नाहीत.

डोळ्याला न दिसणारी एक चूकही सांगतो. विसर्गाच्या जागी विरामचिन्हातला अपूर्णविराम टंकला जातो. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ पडद्यावर जवळपास सारखे दिसतात, पण पहिल्यात संगणकाला शब्द मधेच तुटलेला दिसतो आणि भाषांतर अडखळते. अक्षर, लगेच `:`, लगेच अक्षर असा शोध घेतला की शब्दाच्या मधल्या अशा चुका एका दमात निघतात, आणि इथे सरसकट दुरुस्ती करायला हरकत नाही.

नावांची तपासणी मी शेवटी करतो, पण टाळत नाही. मोरे आणि भोरे, घारे आणि धारे यांत कोणते बरोबर हे वाक्यावरून कधीच कळत नाही. पुस्तकातले प्रत्येक नाव जितक्या रूपांत आले तितकी रूपे एकाखाली एक लिहा. एकच रूप असेल तरी एकदा पानावर बघा, कारण सारख्या शाईने सारखी चूक प्रत्येक वेळी होऊ शकते.

पानावर बघायचे म्हणजे नेमके काय, हेही सांगतो. नुसते मोठे करून संशयित अक्षराकडे टक लावून बसले तर ते म ही वाटते आणि भ ही. त्याच पानावरचा, शक्यतो त्याच ओळीतला खात्रीचा म शोधा, ‘म्हणून’ किंवा ‘मग’ यातला. खात्रीचा भ शोधा. तिन्ही तुकडे कापून शेजारी लावा आणि फक्त डाव्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. खात्रीच्या म वर रेघ सलग गेली आहे आणि संशयिताच्या डोक्यावर, शाई भरलेली असली तरी, रेघ तिथे किंचित जाड किंवा खाली वळलेली आहे, तर तो बुजलेला भ. बहुतेक वेळा एवढ्याने निकाल लागतो.

कधी लागत नाही. तेव्हा अर्थावरून ठरवून मोकळे व्हायचा मोह होतो. मी अशा जागी मजकुरात दोन्ही वाचने ठेवतो, ‘[भर/मर?]’ असे, शेजारी पान आणि ओळीचा क्रमांक लिहितो आणि ते वाक्य दोन्ही वाचनांनी वेगवेगळे भाषांतरित करून घेतो. दोन्हींचा अर्थ पुढे सारखाच नेत असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. अर्थ वेगळा होत असेल तर दोन्ही भाषांतरे ठेवतो आणि त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मिळेपर्यंत ती जागा उघडी राहू देतो. शाई प्रत्येक प्रतीवर थोडी वेगळी लागलेली असते, आणि जो कोपरा तुमच्या प्रतीत बुजला आहे तो दुसऱ्या प्रतीत पुष्कळदा स्वच्छ सापडतो.